स्मरणार्थ एक्केचाळीस प्लगिन

जूनच्या पहिल्या बैठकीत संस्थेच्या अध्यक्षांनी, सिद्धोधनदादांनी, कागद वाचून दाखवला. परभणीच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात तीस जणींची सोय आणि अर्ज आले चार. मागच्या वर्षी सात होते, त्याच्या आधी तेरा. कागदाची घडी करून ते म्हणाले, "मुलींना आता वसतिगृह नकोय, बाई. एसटीचा पास आहे, घरोघरी मोटारसायकल आहे. पंचवीस तारखेपर्यंत वीस अर्ज आले नाहीत तर यंदा कुलूप लावू. इमारत क्लासवाल्याला देऊन टाकू."

एकतीस वर्षं मी तिथं रेक्टर होते. निवृत्त झाले तेव्हा संस्थेनं मला समितीवर घेतलं, म्हणजे शोभेला ठेवलं. मी हात वर केला आणि म्हणाले, "मुलींना नकोय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आकड्यांनी," दादा म्हणाले.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. आकडा बोलला की त्यांचं तोंड बंद आणि आमचंही. माझी कानशिलं तापली होती.

चौथ्या दिवशी सकाळी कमलबाई दारात उभी राहिली. चुडाव्याजवळच्या खेड्यातली, पॅसेंजरनं आलेली, बरोबर तिची निकिता. कमलबाई स्वतः माझ्या वसतिगृहात दोन वर्षं राहिलेली. आता मुलीला अकरावीला घालायचं होतं.

"जयभीम, बाई. तुमचं ते पान उघडायलाच न्हाई बघा," तिनं चप्पल काढता काढता सांगितलं. "तीन दिस झाले. पोरगी रेंजसाठी टेशनाच्या पुलावर जाऊन बसायली. कमळच फिरायलंय नुसतं."

"कसलं कमळ?"

निकितानं मोबाइल माझ्यापुढं धरला. पांढरं पान आणि मधोमध एक निळं कमळ गरागरा फिरतंय. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. एक मिनिट झालं. कमळ फिरतच होतं. दीड मिनिटानं पान आलं आणि त्यावर वरून फुलं गळायला लागली. फुलं थांबायच्या आत सिद्धोधनदादांचा हात जोडलेला फोटो सगळ्या पडद्यावर पसरला. तो घालवायची फुली पडद्याच्या बाहेर कुठंतरी. निकितानं बोट इकडं तिकडं फिरवलं, मोबाइल गरम झाला आणि बंद पडला.

"असंच व्हायलंय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता, जणू चूक तिचीच होती.

"मग मला फोन करायचा नाही का गं?"

"मायनं केला होता की आफिसात," निकिता म्हणाली. "तिथले सर म्हनले, कागदावर घेत न्हाई, ऑनलाइनच भरा."

ते सर बरोबरच बोलले होते. नियम आमचाच. पूर्वी प्रत्येक सभासद आपल्या नात्यागोत्यातली मुलगी घुसवायचा, म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की कागदी अर्ज बंद. सगळ्यांना एकच दार. त्या ठरावाला पहिला हात माझा वर गेला होता.

मी माझी जुनी वही उघडली आणि सुकेशनीला फोन लावला. सुकेशनी माझ्याच हाताखालची पोरगी, सोनपेठच्या बाजूची. पुण्याच्या कंपनीचं वेबसाइटचं काम ती परभणीत घरी बसून करते. दुपारी ती आली, माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि संस्थेच्या साइटच्या आत शिरली. पासवर्ड माझ्याकडं होता. समितीतल्या अकराही जणांकडं होता, हे मला त्या दिवशी कळलं.

"वर्डप्रेसवर बांधलीय साइट," ती म्हणाली. "वर्डप्रेस म्हणजे रिकामं घर समजा, बाई. त्यात एकेक सोय बसवायला जी वस्तू आणतात ते प्लगिन. अर्ज भरायला एक लागतं, सुरक्षेला एक, बॅकअपला एक. चारपाचात भागतं."

"आपली किती आहेत?"

"एक्केचाळीस."

तिनं यादी खाली सरकवायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात यायला लागलं. एक्केचाळीस प्लगिन आली कुठून हे सुकेशनीला समजणं शक्य नव्हतं. मला मात्र प्रत्येकाचा इतिहास पाठ होता.

आमच्याकडं पद्धत आहे. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत घरचे वसतिगृहाला काहीतरी देतात. पंखा, कपाट, पाण्याची टाकी. वर रंगानं लिहायचं: कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ. या पद्धतीवरच ते वसतिगृह उभं राहिलं. मी आले तेव्हा मुली जमिनीवर निजायच्या. पहिल्या बारा खाटा बारा मयतांच्या नावच्या. त्या खाटांवर शिकलेल्या पोरी आज नर्स आहेत, तलाठी आहेत. पण भिंतीला जागा उरली नाही तरी देणं थांबलं नाही. जेवणाच्या खोलीत आठ घड्याळं झाली. आठांच्या वेळा आठ. तेव्हा सिद्धोधनदादांनीच तोड काढली की आता वस्तू नको, वेबसाइटवर काहीतरी द्या.

मग लोकांनी दिलं. कोणाच्या आईच्या नावानं गळणारी फुलं. कोणाच्या भावाच्या नावानं हवामान. समितीतल्या नागसेन सरांनी सासऱ्यांच्या नावानं घड्याळ दिलं, नववं. तीन स्लायडर, म्हणजे फोटो सरकवत ठेवणारी यंत्रं. दोन बॅकअप घेणारी. पान साठवून ठेवून लवकर दाखवणारी दोन, आणि दोन्ही एकमेकांना अडवत असल्यामुळं काहीच साठत नव्हतं.

"आणि थीम?" मी विचारलं. थीम म्हणजे साइटचा पोशाख, एवढं मला ठाऊक होतं.

"ती दादांच्या जावयानं आणलेली. एकाच थीममध्ये हॉटेल, सलून, जिम, दागिन्यांचं दुकान, सगळं चालतं. आपल्याला लागतं त्यातलं नखभर, पण ओझं सगळं येतं. आठ तऱ्हेची अक्षरं, शेकडो चित्रखुणा, प्रत्येक पानावर. हे बघा, नमुन्याची पानंसुद्धा काढली न्हाईत." तिनं एक पान उघडलं. आमच्या संस्थेच्या नावाखाली एक गोरी बाई चेहऱ्याला काकडी लावून पडली होती.

"आणि कमळ?"

"ते थीमचंच. पानावरची शेवटची गोष्ट उतरेपर्यंत ते पान झाकून ठेवतं. म्हणजे अर्ज आधी येऊन बसला तरी दिसत न्हाई. फुलं, फोटो, घड्याळ सगळं यायचं, मग पडदा वर."

मी उठून पाणी प्याले. चुडाव्याच्या पुलावर बसलेली निकिता आणि तिच्यापुढं मेलेल्या माणसांची फुलं, फोटो, घड्याळ रांगेत.

"काढ सगळं," मी म्हणाले.

"असं एकदम न्हाई काढता येत. आधी पूर्ण बॅकअप. मग साइटची एक प्रत करते, लोकांना न दिसणारी. तिच्यावर एकेक बंद करून वेळ मोजायची. दोन दिवस लागतील. पानं थीमच्या बिल्डरमध्ये, म्हणजे तिच्याच पानं रचायच्या साधनात बांधलीत, थीम काढली की मजकुराच्या जागी नुसते कोडचे चौकटी कंस उरतील, म्हणून पानं नव्यानं लिहावी लागतील."

"मी लिहून देते. मजकूर तसाही माझाच आहे."

दोन दिवस ती माझ्याकडं येत होती. तिनं प्रतीवर वर्डप्रेसची स्वतःची साधी थीम चढवली. एक प्लगिन बंद करायचं, पान उघडून बघायचं, वेळ टिपायची. ती सांगायची तसं मी वहीत लिहायचे: प्लगिन, कोणाच्या स्मरणार्थ, किती सेकंद. तिसऱ्या दिवशी दुपारी कमळ गेलं होतं, फुलं गेली होती, एक्केचाळीसची सहा राहिली होती. पान लगेच दिसत होतं, पण अर्जाचे रकाने जागचे हलत होते, बोट ठेवायला गेलं की खाली सरकत होते. मंद रेंजवर अजून पाऊण मिनिट.

"अजून का?" मी विचारलं.

सुकेशनीनं पदराच्या टोकाशी खेळावं तसं चार्जरच्या वायरशी खेळायला सुरुवात केली.

"सांग ना."

"बाई, वरचे फोटो. सहा आहेत. एकेक चार मेगाबाइटचा. सगळं पान मिळून तीस मेगाबाइटचं होतं, त्यात चोवीस हेच."

ते फोटो माझे होते. आमचे मिस्टर पूर्णा जंक्शनला गार्ड होते; स्वतःचा कॅमेरा घेतलेला आमच्या रेल्वे क्वार्टरच्या लायनीतला पहिला माणूस. ड्युटी सुटली की वसतिगृहात येऊन मुलींचे फोटो काढायचे. दोन वेण्या घातलेल्या, रांगेत उभ्या, मागं खाटा. ते गेल्यावर मी सहा फोटो स्टुडिओत नेऊन मोठ्यात मोठे स्कॅन करून घेतले आणि साइटवर टाकायला दिले. सांगितलंही होतं, आकार अजिबात कमी करू नका, आणि प्रत्येक पानावर दिसले पाहिजेत.

"हे तुला पहिल्या दिवशीच दिसलं असेल," मी म्हणाले.

"हो."

"आणि बाकीच्यांची पस्तीस काढेपर्यंत तू गप्प बसलीस."

"तुमी रागावला असता."

"मी आता रागावले नाही असं वाटतं का तुला? एकतीस वर्षं मी तुम्हाला एकच शिकवलं की तोंडावर सांगत जा. माझ्याच घरात बसून तू माझी मर्जी सांभाळलीस?"

तिचे डोळे भरले. मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते. मला माझाच इतका राग आला होता की तो कोणावर तरी पडणं भाग होतं. मी म्हणाले, "काढ." तिनं विचारलं, लहान करून ठेवू का, प्रत्येकी शंभर केबीत बसतील, डोळ्याला फरक कळणार न्हाई. मी म्हणाले, "इतिहासाच्या पानावर ठेव. अर्जाच्या पानावर एकही नको."

फोटो गेले. तिनं मोबाइलची रेंज मुद्दाम मंद करून पान उघडलं. तीन सेकंद. नाव, गाव, इयत्ता, पालकांचा फोन. रकाने जागच्या जागी.

दहा तारखेला तातडीची बैठक बोलावली. सुकेशनीनं भिंतीवर दोन्ही पानं शेजारीशेजारी दाखवली. जुन्यावर कमळ फिरत होतं तेवढ्यात नव्यावर तिनं एक अख्खा अर्ज भरला. मला वाटलं, आता बोलायचं काय उरलं.

नागसेन सर म्हणाले, "घड्याळ कुठंय?"

"काढलं," मी म्हणाले.

"सासूबाईंना काय सांगू मी? त्या रोज उघडून बघतात."

"भिंतीवरची आठ बघायला सांगा."

"बाई, तुम्ही टिंगल करताय."

"करतेय. पोरी पुलावर बसल्यात आणि तुम्हाला घड्याळ पाहिजे."

मग सगळेच बोलायला लागले. फुलं काढायचा अधिकार कोणाला? समितीला न विचारता बाहेरच्या मुलीला पासवर्ड दिलाच कसा? मी उठले आणि सांगितलं की सगळ्यात जड माझं होतं, मिस्टरांच्या नावचं, आणि ते मी काढलंय. ज्याच्या माणसाचं नाव जाईल असं वाटतं त्याच्यासाठी एक पान केलंय, एक्केचाळीस नावं, तारखांसह, नुसत्या अक्षरांत.

"अक्षरांना वजन नसतं," सुकेशनी हळूच म्हणाली. "सगळी नावं मिळून एका फुलाएवढीसुद्धा होत न्हाईत."

खोली थोडी निवली. मग सिद्धोधनदादा म्हणाले, "मोजणी पण काढली?"

साइटच्या तळाशी एक मोजणी होती, किती जणांनी साइट बघितली ते दाखवणारी. कालकथित आश्रुबा यांच्या स्मरणार्थ. आश्रुबा म्हणजे दादांचे वडील, वसतिगृहाचे पहिले वॉचमन. रोज सांजच्याला गेटवर उभे राहून मुली मोजायचे. एक कमी भरली तर जेवायला बसायचे नाहीत. एकदा कमलबाईची शेवटची गाडी चुकली तर हा माणूस कंदील घेऊन स्टेशनावर जाऊन बसला होता. मला त्या नावाला हात लावताना जड गेलं होतं.

"काढली, दादा. दर वेळी पान उघडलं की ती आत नोंद करायची. चार लाख नोंदी झाल्या होत्या. सगळ्या साइटला त्याच ओढत होत्या."

"माझ्या बापाची मोजणी," ते म्हणाले, "तुम्हाला ओझं वाटली. बाकी सगळं काढा. ती परत लावा, न्हाईतर पंचवीस तारखेची वाट बघायची पण गरज न्हाई. आत्ताच ठराव घेतो."

खात्यातली भाषा सोडून ते गावच्या भाषेवर आले म्हणजे प्रकरण पुढं गेलं होतं. तेव्हा सुकेशनी म्हणाली, "दादा, मी नोंदी पुसल्या न्हाईत. काढायच्या आधी उतरवून घेतल्या. प्लगिन काढलं तरी त्याची वही डेटाबेसात राहते. बघायची का?"

"दाखव."

तिनं यादी भिंतीवर लावली. कुठलं पान, कुठली तारीख, मोबाइल की कॉम्प्युटर. यंत्रं आपोआप फेऱ्या मारतात त्या तिनं गाळल्या. मागचा जून महिना काढला, अर्जाचं पान, फक्त मोबाइल.

सहाशे अकरा.

"हे काय?" दादांनी विचारलं.

"मागच्या जूनमधे अर्जाचं पान एवढ्या वेळा उघडलं गेलं. एकच मुलगी चारपाच वेळा आली असंल, तरी शंभराच्या वर पोरी होतात. अर्ज आले सात."

मी दादांकडं बघितलं. मला बोलायचं होतं. आकड्यांनी सांगितलं ना, मुलींना वसतिगृह नकोय? शब्द अगदी जिभेवर होते आणि मी ते बोलले. "तुमच्या बापानं गेटवर सहाशे अकरा मोजल्या, दादा. तुम्ही गेट उघडलं नाही. आणि वर म्हणालात, कोणी आलंच नाही."

असं बोलायला नको होतं असं नागसेन सर नंतर म्हणाले. मला अजूनही तसं वाटत नाही. दादांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "नवीन चालू करा."

ठराव असा झाला: सहा प्लगिन, साधी थीम, पासवर्ड दोघांकडंच. यापुढं स्मरणार्थ काही द्यायचं तर नावाच्या पानावर नाव. त्या संध्याकाळीच सुकेशनीनं प्रत खऱ्या साइटच्या जागी बसवली.

पंचवीस तारखेला सव्वीस अर्ज होते. नव्या पानावरचा पहिला निकिताचा. दादांनी मला फोन करून आकडा सांगितला, आणि जाता जाता म्हणाले, साइटवर अभिनंदनाचं काहीतरी लावायचं का, छोटंसं, झेंडूचं तोरण. मी म्हणाले, पासवर्ड माझ्याकडं आहे. ते हसले. मी हसले नाही.

कारण त्या सहाशे अकरांनी माझी झोप नेली होती. यंदाच्या पोरी आत आल्या, त्यांचं ठीक. मागच्या वर्षीच्या कुठं गेल्या? वहीत मागची पानं चाळताना एक नाव सापडलं. भक्ती, सोनपेठ, दहावी एक्क्याऐंशी टक्के. जूनमध्ये फोन आला होता. पुढं माझ्याच अक्षरात: ऑनलाइन भरायला सांगितलं.

मी नंबर लावला. मुलीनंच उचलला.

"वसतिगृहातून बोलतेय. मागच्या वर्षी तू फोन केला होतास."

"हां. तुमी ऑनलाइन भर म्हनलात."

"भरला होतास का?"

"दोन दिस बसले पाण्याच्या टाकीवर. कमळ फिरायलं होतं." ती थांबली. "मग भावानं मोबाइल घेतला. मग न्हाईच झालं. आता दुकानात असते, झेरॉक्सच्या."

"शिकायचंय का अजून?"

"बाई, तुमी तवाच एक कागद दिला असता तर?"

नियम होता, चांगल्यासाठी केला होता, हे तिला सांगून काय उपयोग. मी म्हणाले, "चूक माझी. आता उघडून बघ. मी फोनवर आहे."

झेरॉक्सच्या मशीनचा आवाज येत होता. कोणीतरी तिला आधार कार्डाच्या दोन प्रती मागितल्या. तिनं त्या दिल्या. मग म्हणाली, "उघडलं."

"भर मग."

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. धन्यवाद वगैरे काही नाही. ते मला आवडलं.

दुसऱ्या दिवशी सुकेशनीनं सत्ताविसावा अर्ज आल्याचं कळवलं आणि मला तो वाचून दाखवला. नाव, गाव, टक्के. शेवटच्या रकान्यात आम्ही विचारतो, यापूर्वी अर्ज केला होता का, आणि सगळ्या जणी नाही लिहितात. भक्तीनं लिहिलं होतं: केला होता. तुम्ही उघडला नाही.

सुकेशनीनं विचारलं, हे वाक्य कार्यालयात जायच्या आधी काढू का. मी म्हणाले, त्याला हात लावायचा नाही.